तिकीट हरवलं, गाडीला डेंट आला: व्हॅले आणि मॉल पार्किंगमध्ये भरपाई कोण देणार? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कांदोळी, कळंगुट, मिरामार, मडगाव... गोव्यात आता लग्नाचा हॉल असो, हॉटेल असो की कॅसिनोचा धक्का, दारातच चावी मागून गाडी लावून देणारा मुलगा, म्हणजे व्हॅलेवाला, उभा असतो. रात्री गाडी परत येते तेव्हा मागचा दरवाजा चेपलेला असतो आणि तिकीट पर्समध्ये सापडत नाही. इथले प्रश्न मुख्यतः या एकाच प्रसंगाचे आहेत. मॉलचे नियम थोडे वेगळे असल्यामुळे त्यांचं उत्तर पुढे स्वतंत्र दिलं आहे.

तिकीट हरवलं म्हणजे भरपाईचा हक्क गेला का?

नाही. तिकीट हा फक्त पुरावा आहे. तुम्ही चावी दिली आणि समोरच्याने ती घेतली, त्याच क्षणी करार झाला. तिकीट हातात नसेल तर करार मोडत नाही, तो दुसऱ्या मार्गाने सिद्ध करावा लागतो इतकंच. "तिकीट नाही तर तक्रार नाही" असं काउंटरवर सांगितलं जातं आणि बरेच लोक तिथूनच परत फिरतात. या वाक्याला कायद्याचा आधार नाही.

चावी दिली की कायद्याने नेमकं काय होतं?

भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये कलम १४८ पासून निक्षेपाचे नियम आहेत. एखादी वस्तू काही कारणासाठी दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची आणि काम झालं की परत घ्यायची, याला निक्षेप म्हणतात. वस्तू प्रत्यक्ष हातात द्यावी लागते असंही नाही. कलम १४९ प्रमाणे ज्या कृतीने ताबा समोरच्याकडे जातो ती कृती पुरेशी असते. गाडीच्या बाबतीत ती कृती म्हणजे चावी देणं.

ताबा गेला की कलम १५१ लागू होतं. साधारण शहाणा माणूस तशाच आणि तितक्याच किमतीच्या आपल्या स्वतःच्या वस्तूची जशी काळजी घेईल, तशी काळजी ताबा घेणाऱ्याने घ्यायची. ती घेतली असेल तर कलम १५२ त्याला सोडतं. म्हणजे सगळा वाद एका प्रश्नावर येतो: काळजी घेतली का, आणि ते सिद्ध कोणी करायचं?

या दुसऱ्या भागाचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १४ नोव्हेंबर २०१९ रोजी ताज महाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या खटल्यात दिलं. प्रसंग १९९८ चा, दिल्लीचा. पाहुण्याने मारुती झेनची चावी व्हॅलेकडे दिली. मध्यरात्रीनंतर तो बाहेर आला तर गाडी दुसराच कोणीतरी घेऊन गेला होता. न्यायालयाने हॉटेलला कोणत्याही परिस्थितीत आपोआप जबाबदार धरणारा कडक नियम लावला नाही, पण ग्राहकाच्या दृष्टीने त्याहून कामाची गोष्ट सांगितली. गाडी ताब्यात दिली होती आणि ती परत मिळाली नाही किंवा खराब होऊन मिळाली, एवढं ग्राहकाने दाखवलं की पुढचं ओझं हॉटेलवर जातं. आपला निष्काळजीपणा नव्हता हे हॉटेलने सिद्ध करायचं. व्हॅलेवाल्याने गाडी कशावर आपटली हे तुम्हाला शोधून काढावं लागत नाही.

तिकिटाच्या मागे "गाडी मालकाच्या जबाबदारीवर" असं छापलेलं असतं. मग?

त्या दिल्लीच्या खटल्यातल्या तिकिटावरही जवळपास तेच छापलेलं होतं: चोरी, नुकसान, कशालाच व्यवस्थापन जबाबदार नाही. न्यायालयाने ते मान्य केलं नाही. स्वतःच्या किंवा आपल्या नोकरांच्या निष्काळजीपणातून सुटण्यासाठी हॉटेलला अशा ओळीचा आधार घेता येत नाही. निष्काळजीपणा नव्हता हे आधी दाखवायचं, मग त्या ओळीचं बोलायचं, असा क्रम आहे. त्यामुळे ती ओळ वाचून तक्रार सोडून देऊ नका. तिकीटच हरवलं असेल तर ही ओळ तुमच्या नजरेला आणून दिली होती हे दाखवणंही त्यांनाच जड जातं.

पार्किंग फुकट होतं. शिवाय मी फक्त लग्नाचा पाहुणा होतो. मी ग्राहक ठरतो का?

दोन्ही बाबतीत उत्तर होय असंच निघतं. व्हॅले वेगळे पैसे न घेता दिलं तरी त्याची किंमत जेवणाच्या, खोलीच्या किंवा हॉलच्या बिलात धरलेली असते. वर सांगितलेल्या निकालानेही ते मान्य केलं आहे. आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(७) प्रमाणे पैसे देणाराच नव्हे, तर त्याच्या संमतीने सेवेचा लाभ घेणाराही ग्राहक असतो. हॉलचे पैसे नवरीमुलीच्या वडिलांनी भरले, गाडी तुमची लावली गेली, तरी तक्रार तुमच्या नावाने करता येते. मात्र लग्नपत्रिका जपून ठेवा आणि यजमानांकडून हॉलच्या बिलाची प्रत मागून घ्या. आपल्याकडे अशा वेळी यजमानांना त्रास नको म्हणून लोक गप्प बसतात. त्यांच्याकडून बिलाच्या प्रतीपलीकडे काहीच लागत नाही, तेव्हा मागायला संकोच करू नये.

तिकीट नाही, तर चावी दिली होती हे कशाने सिद्ध करायचं?

सगळ्यात वजनदार पुरावा तिकिटाचा अर्धा भाग, आणि तो त्यांच्याकडेच असतो. व्हॅलेच्या तिकिटाचे बहुतेक वेळा दोन-तीन तुकडे असतात: एक तुम्हाला, एक चावीला, एक काचेवर किंवा बोर्डावर. गाडी परत येते तेव्हा काचेवरचा किंवा चावीचा तुकडा अजून तिथे असेल तर आधी त्याचा फोटो काढा, मग दार उघडा. व्हॅलेच्या टेबलावर एक वहीही असते, तीत गाडीचा नंबर, वेळ आणि कधी कधी आधीच्या ओरखड्यांची नोंद असते. त्या पानाचाही फोटो मागा. नाही म्हणाले तर कोणी आणि किती वाजता नाही म्हटलं, हे स्वतःला मेसेज करून ठेवा.

दुसरा पुरावा प्रवेशद्वारावरचा सीसीटीव्ही. इथे घाई करावी लागते. रेकॉर्डिंग ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं आणि त्यावर नवं चढतं. त्यामुळे "फुटेज दाखवा" असं तोंडी म्हणण्यापेक्षा त्याच रात्री ईमेल पाठवा: अमुक तारखेला, अमुक ते अमुक वेळेत, पोर्च, रॅम्प आणि पार्किंगचे सगळे कॅमेरे, हे रेकॉर्डिंग वाद मिटेपर्यंत जपून ठेवावं. अशा ईमेलनंतरही फुटेज पुसलं गेलं, तर ते का जपलं नाही हा प्रश्न ग्राहक आयोगापुढे त्यांना विचारता येतो.

याशिवाय हॉटेलचं किंवा बारचं बिल, यूपीआयची नोंद, गाडी बोलवायला केलेला कॉल, सोबतच्या दोघा-तिघांची शपथपत्रं, असं छोटं छोटं मिळून पुरावा उभा राहतो. फोनमधले फोटो आणि व्हिडिओ दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं. वकील ते करून देतात. मूळ फाइल मात्र फोनमधून पुसू नका; व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या प्रतीत वेळेची माहिती निघून जाते.

आणि एक गोष्ट त्या रात्रीच करा, ती म्हणजे ड्युटी मॅनेजरला बोलावून लेखी नोंद करून घेणं. गाडीचा नंबर, वेळ, नुकसान कुठे, आणि "तिकीट हरवलं, आरसी दाखवून गाडी घेतली" हे त्यात स्पष्ट यावं. गाडी घरी नेऊन दुसऱ्या दिवशी फोन केला तर वाटेत काय झालं असेल हा संशय तुमच्यावर येतो. माझ्या मते या प्रकारच्या तक्रारी तिकिटापेक्षा या एका नोंदीच्या अभावी जास्त कमकुवत होतात.

"हा डेंट आधीचाच आहे" असं म्हणाले तर?

ताजी इजा ओळखता येते. नव्या ओरखड्यात पत्रा चकचकीत दिसतो. गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत उघडा पत्रा लवकर तांबूस पडतो. डेंटमध्ये दुसऱ्या रंगाचा अंश, खांबाचा पिवळा-काळा रंग किंवा चुन्याची पूड लागलेली असेल तर ती पुसू नका, गाडी धुवायला देऊ नका. पार्किंगमध्ये परत जाऊन त्याच उंचीचा खांब किंवा भिंत शोधा. तिथे तुमच्या गाडीचा रंग लागलेला असेल तर मोजपट्टी धरून दोन्हींचा फोटो घ्या. जमिनीपासून दोन्ही खुणांची उंची सारखी निघाली की वाद बराच कमी होतो.

चावी देताना गाडीभोवती फिरून अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घेतला असेल तर हा प्रश्न उद्भवतच नाही. व्हॅलेवाला आणि पोर्च त्यात आला तर चावी दिल्याचाही पुरावा तोच होतो.

एखादं उदाहरण घेऊन हिशेब दाखवाल का?

समजा, फोंड्याचं एक कुटुंब कांदोळीच्या हॉटेलात रिसेप्शनला गेलं. गाडी तीन वर्षांची, दरवर्षी विमा घेतलेला, अजून एकही क्लेम नाही. परतताना मागचा डावा दरवाजा आणि त्यामागचा पत्रा चेपलेला, टेललाइट फुटलेला. तिकीट हरवलेलं, पण मॅनेजरची नोंद आणि चावीच्या तुकड्याचा फोटो आहे. वर्कशॉपचा अंदाज ४६,००० रुपये.

पहिला रस्ता विम्याचा. कंपनी घसारा कापते. समजा या गाडीचा तो १०,००० निघाला. सक्तीची वजावट १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये. म्हणजे विमा ३५,००० देईल आणि ११,००० खिशातून जातील. पण खरा फटका पुढे आहे. तीन वर्षं क्लेम नसल्याने ३५ टक्के नो क्लेम बोनस होता, पुढच्या नूतनीकरणाला तो ४५ टक्के झाला असता. क्लेम घेतला की शून्य. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता १२,००० धरला तर एका वर्षात ५,४०० रुपयांची सूट गेली, आणि त्यापुढच्या वर्षीही ५० ऐवजी २० टक्केच मिळेल. दुरुस्तीच्या सहा दिवसांत टॅक्सीला ४,८०० गेले. मग हॉटेलकडून मागायची रक्कम ११,००० + ५,४०० + ४,८००, म्हणजे २१,२००. टॅक्सीच्या पावत्या आणि विमा कंपनीचं बोनस गेल्याचं पत्र सोबत जोडायचं.

दुसरा रस्ता विम्याला हात न लावता हॉटेलकडेच पूर्ण मागणी करण्याचा: ४६,००० + ४,८००, म्हणजे ५०,८००. हॉटेलने चूक लगेच मान्य केली असेल तर हाच रस्ता चांगला, बोनसही वाचतो. हॉटेल टाळाटाळ करत असेल तर गाडी महिनोन्‌महिने चेपलेली ठेवण्यात अर्थ नाही. मात्र कोणताही रस्ता घ्यायचा असला तरी विमा कंपनीला लगेच कळवून ठेवा. उशिरा कळवणं हे क्लेम नाकारण्याचं नेहमीचं कारण आहे, आणि कळवलं म्हणजे क्लेम घ्यावाच लागतो असं नाही.

हॉटेलने १०,००० रुपये देऊन "आता काही मागणी उरली नाही" अशा कागदावर सही मागितली. करावी का?

विम्याचा क्लेम घेणार असाल तर विमा कंपनीला विचारल्याशिवाय अजिबात नको. तुम्हाला पैसे दिल्यावर विमा कंपनी तुमच्या जागी उभी राहून हॉटेलकडून वसुली करू शकते. दिल्लीच्या खटल्यात विमा कंपनी आणि गाडीमालक मिळूनच हॉटेलविरुद्ध गेले होते. तुम्ही सगळे हक्क सोडून दिले तर कंपनीचाही हक्क जातो आणि ती तुमचा क्लेम अडवू शकते. पैसे घ्यायचेच असतील तर पावतीवर "दुरुस्तीच्या खर्चापोटी काही रक्कम मिळाली, उर्वरित मागणी कायम" असं लिहून सही करा.

मॉलमध्ये गाडी मीच लावली, चावी माझ्याच खिशात होती. तिथेही हेच नियम?

तिथे बाजू थोडी कमकुवत असते, हे मान्य केलं पाहिजे. चावी तुमच्याकडे म्हणजे ताबा तुमच्याकडे. मॉलने दिली ती जागा वापरण्याची परवानगी. त्यामुळे निक्षेप सिद्ध करणं अवघड, आणि ओझं आपोआप मॉलवर जात नाही. शेजारच्या गाडीने दार आपटून ओरखडा काढला तर मूळ जबाबदारी त्या गाडीच्या चालकाची. मॉलकडून तुम्हाला फुटेज आणि त्या गाडीचा नंबर मिळवायचा असतो.

पण मॉल अगदी मोकळाही नसतो. पैसे घेऊन, बॅरियर लावून, तिकीट पाहूनच गाडी बाहेर सोडण्याची व्यवस्था त्याने स्वतः चालवली असेल तर ती सेवा आहे. त्या सेवेत उणीव दाखवता आली, म्हणजे कॅमेरे बंद होते, दिवे नव्हते, गार्डने चुकीची दिशा दाखवून गाडी खांबाला लावायला लावली, रॅम्पची लोखंडी जाळी उचकटलेली होती, तर ग्राहक कायद्याखाली मागणी करता येते. फरक इतकाच की इथे दोष तुम्हाला दाखवावा लागतो. मॉलमध्येही व्हॅलेला चावी दिली असेल तर वरचे हॉटेलचे नियम जसेच्या तसे लागू.

तिकीट हरवल्याचा दंड भरला. तो भरला म्हणजे नुकसान माझ्यावर आलं का?

नाही. तो दंड गाडी किती वेळ उभी होती हे कळत नाही म्हणून असतो. त्याचा डेंटशी संबंध नाही. उलट त्या दंडाची पावती तुमच्या फायद्याची आहे, कारण तिच्यावर तारीख, वेळ आणि बहुतेकदा गाडीचा नंबर असतो. हरवलेल्या तिकिटाची जागा ती पावती घेते. ती थर्मल कागदावर असते, अक्षरं पुसट होतात, म्हणून लगेच फोटो काढा. गाडी सोडताना कोऱ्या किंवा अर्धवट छापील हमीपत्रावर सही मागतात; त्यात "गाडी सुस्थितीत मिळाली" अशी ओळ असेल तर ती खोडून बाजूला सही करा. गाडी पाहण्याआधी सही करूच नका.

माझं हरवलेलं तिकीट दुसऱ्याला सापडलं आणि तो गाडी घेऊन गेला तर?

व्हॅलेच्या बाबतीत चुकीच्या माणसाला गाडी देणं ही ताबा घेणाऱ्याची चूक धरली जाते. फक्त कागद पाहून लाखोंची वस्तू दिली, नाव किंवा फोन विचारला नाही, ही काळजी झाली का, हा प्रश्न त्यांना विचारला जाईल. पण तिकीट हरवल्याचं तुम्हाला आठ वाजता कळलं आणि तुम्ही अकरा वाजता सांगितलं, तर तुमचाही निष्काळजीपणा मोजला जाईल. कळताक्षणी टेबलावर जाऊन सांगा आणि ते नंबर अडवून ठेवतात ना, हे पाहा. गाडी गेलीच असेल तर ११२ वर फोन, जवळच्या पोलीस ठाण्यात एफआयआर आणि विमा कंपनीला कळवणं, हे सगळं त्याच रात्री.

व्हॅलेवाल्याने गाडी माडाखाली लावली आणि नारळ पडून काच फुटली. हा दैवी कोप म्हणायचा का?

मला तसं वाटत नाही. वादळात मुळासकट झाड कोसळलं तर हॉटेलला बचाव आहे. पण नारळ न पाडलेल्या माडाखाली गाडी लावली की नारळ पडू शकतो हे गोव्यात कोणालाही माहीत आहे. जागा तुम्ही निवडली नव्हती, त्यांच्या माणसाने निवडली. कलम १५१ मधला शहाणा माणूस स्वतःची गाडी तिथे लावेल का, एवढंच विचारायचं. माडाचा, त्यावरच्या घोसांचा आणि गाडीच्या जागेचा एकाच चौकटीत फोटो घ्या.

हॉटेल म्हणतं, व्हॅलेची एजन्सी वेगळी आहे, तिच्याकडे जा.

तक्रारीत दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. तुम्ही हॉटेलच्या दारात, हॉटेलच्या सेवेसाठी चावी दिली. त्यांचा आपसातला करार तुमच्यावर बंधनकारक नाही. पण व्हॅलेवाल्याच्या लायसन्सची प्रत जरूर मागा. चालवणाऱ्याकडे वैध परवाना नसेल तर विमा कंपनी क्लेम नाकारू शकते, आणि मग तेवढी रक्कमही हॉटेलकडूनच मागावी लागते.

गाडी भाड्याची होती.

काळ्या पाटीवर पिवळे अंक असलेली भाड्याची गाडी तुम्ही व्हॅलेला दिली तर तुम्ही मालक नसलात तरी ताबा देणारे तुम्हीच आहात, त्यामुळे हॉटेलकडे मागणी करता येते. गाडीवाला अनामत कापून घेईल, तेव्हा किती आणि कशासाठी हे लेखी घ्या. तीच तुमच्या नुकसानीची पावती.

तक्रार कुठे आणि कधीपर्यंत?

आधी हॉटेलला किंवा मॉलला लेखी नोटीस द्या: घटना, रक्कम, पुरावे आणि १५ दिवसांची मुदत. स्पीड पोस्टाने आणि ईमेलने, दोन्हींनी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही तक्रार नोंदवता येते; पुष्कळदा मोठी हॉटेलं इथेच बोलायला तयार होतात.

नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. नव्या कायद्याने तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या आयोगातही तक्रार चालते. म्हणजे सावंतवाडीहून कळंगुटला आलेल्या माणसाला सिंधुदुर्गात तक्रार करता येते, मडगावच्या माणसाला दक्षिण गोव्यात, गोव्यात फिरायला आलेल्या पुणेकराला पुण्यात. कोणत्या पायरीचा आयोग हे सेवेसाठी दिलेल्या पैशांवरून ठरतं आणि तो आकडा ५ लाखांपर्यंत असेल तर दाखल करण्याची फी नाही. मुदत घटनेपासून दोन वर्षं. ऑनलाइन दाखल करायची सोयही आहे. सोबत आरसी, विमा पॉलिसी, वर्कशॉपचं बिल, फोटो, मॅनेजरची नोंद, सीसीटीव्हीसाठी पाठवलेला ईमेल आणि नोटीस जोडा. तिकीट हरवलं हे तक्रारीत पहिल्या परिच्छेदातच स्वतःहून लिहा आणि लगेच पुढे ताबा कशाने सिद्ध होतो ते मांडा. समोरचा पक्ष पहिला मुद्दा तिकिटाचाच काढणार असतो.